कोपरा कोणत्या बाजूचा? मॅट्रिक्सचे जागच्या जागी फिरणे आणि सर्पिल वाचन

ओळी आणि स्तंभ यांत मांडलेल्या संख्यांच्या आयताकृती मांडणीला मॅट्रिक्स म्हणतात, आणि संगणकाच्या स्मृतीत तिच्या प्रत्येक घराची ओळख दोन क्रमांकांनी होते: घर कितव्या ओळीत आहे हे i सांगतो आणि कितव्या स्तंभात आहे हे j. बहुतेक प्रचलित प्रोग्रॅमिंग भाषांत हे क्रमांक शून्यापासून सुरू होतात, त्यामुळे n ओळींच्या मॅट्रिक्समधली शेवटची ओळ n नसून n-1 असते. या एका वजाबाकीमुळे होणाऱ्या चुका इतक्या सर्रास आढळतात की त्यांना ‘एकाच्या फरकाची चूक’ असे स्वतंत्र नावच पडले आहे. मॅट्रिक्स नव्वद अंशांनी फिरवणे आणि तिची घरे बाहेरून आत सर्पिलाकार क्रमाने वाचणे या दोन क्रियांमध्ये ही चूक कोठे शिरते आणि बहुतेक वेळा चाचणीतूनही कशी निसटते, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

फिरवण्याच्या क्रियेत ‘जागच्या जागी’ ही अट महत्त्वाची आहे. दुसरी रिकामी मॅट्रिक्स हाताशी असेल, तर प्रत्येक संख्या तिच्या नव्या घरात लिहून काम संपते. परंतु 4000 × 4000 घरांच्या चित्रात प्रत्येक घरासाठी तीन बाइट लागत असतील, तर मूळ चित्रच सुमारे 48 मेगाबाइट जागा व्यापते आणि प्रतीसाठी तेवढीच जागा पुन्हा लागते. जागच्या जागी फिरवताना मात्र एका संख्येपुरती तात्पुरती जागा पुरते. ही सोय केवळ चौरस मॅट्रिक्सपुरती आहे, कारण तीन ओळी आणि चार स्तंभांची मांडणी फिरवल्यावर चार ओळी आणि तीन स्तंभांची होते आणि तिचा आकारच बदलतो. आयताचे जागच्या जागी फिरणे अशक्य नाही, पण तेथे घरांची चक्रे वेगवेगळ्या आणि अनियमित लांबीची होतात आणि प्रश्न बराच अवघड बनतो.

चौरस मॅट्रिक्स घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की वरची ओळ उजवा स्तंभ बनते, आणि सर्वसाधारणपणे (i, j) या घरातली संख्या (j, n-1-i) या घरात जाते. हाच नियम लागोपाठ चार वेळा लावला की संख्या निघाली तेथेच परत येते, कारण नव्वद अंशांचे चार फेरे म्हणजे एक पूर्ण फेरा. म्हणून मॅट्रिक्समधली सर्व घरे चार-चारच्या चक्रांत विभागली जातात. अपवाद फक्त विषम n असताना मध्यभागी उरणाऱ्या एका घराचा, कारण ते स्वतःभोवतीच फिरते. 1 ते 16 या संख्यांची पुढील मॅट्रिक्स घेतली, तर हे चक्र हाताने तपासता येते.

```
 1  2  3  4
 5  6  7  8
 9 10 11 12
13 14 15 16
```

येथे 2 ही संख्या (0, 1) या घरात आहे आणि नियमानुसार ती (1, 3) मध्ये, म्हणजे 8 च्या जागी जाते. 8 ही संख्या (3, 2) मध्ये, म्हणजे 15 च्या जागी, 15 ही (2, 0) मध्ये, म्हणजे 9 च्या जागी, आणि 9 ही 2 ने मोकळ्या केलेल्या घरात येते. यांपैकी एक संख्या बाजूला काढून ठेवली की उरलेल्या तीन संख्या एकेक करून सरकवता येतात आणि शेवटी बाजूला ठेवलेली संख्या रिकाम्या घरात बसवता येते. नियमात चुकण्यासारखे फारसे काही नाही. अडचण येते ती प्रत्येक चक्र नेमके एकदाच कसे सुरू करायचे येथे.

हे ठरवण्याचा प्रचलित मार्ग असा, की मॅट्रिक्स एकात एक बसलेल्या चौकोनी वलयांची आहे असे मानावे आणि प्रत्येक वलयाच्या वरच्या बाजूवरील घरांपासून चक्रे सुरू करावीत. बाहेरच्या वलयाच्या वरच्या बाजूवर n घरे असतात, पण त्यांतल्या n-1 घरांपासूनच चक्र सुरू करायचे असते, कारण वरचा उजवा कोपरा वरच्या बाजूचा शेवट असला तरी उजव्या बाजूचा आरंभही असतो, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू केलेल्या चक्रात तो आधीच येऊन गेलेला असतो. कुंपणाचा जुना हिशेब येथे तंतोतंत लागू पडतो. सरळ रेषेतल्या कुंपणाला दहा गाळे असतील तर अकरा खांब लागतात, पण कुंपण जागेभोवती फिरून आपल्या सुरुवातीला येऊन मिळत असेल, तर दहा गाळ्यांना दहाच खांब पुरतात. बाजूला n घरे असलेल्या वलयात एकूण घरे 4n नसून 4(n-1) असतात ती याच कारणाने: प्रत्येक कोपरा एकाच बाजूच्या नावे मांडायचा असतो.

पायथॉनमध्ये ही रीत पुढीलप्रमाणे लिहिता येते. त्या भाषेत `range(p, q)` ही मालिका p धरते आणि q सोडते, ही गोष्ट वाचताना ध्यानात ठेवावी.

```python
for i in range(n // 2):
    for j in range(i, n - 1 - i):
        t = a[i][j]
        a[i][j] = a[n-1-j][i]
        a[n-1-j][i] = a[n-1-i][n-1-j]
        a[n-1-i][n-1-j] = a[j][n-1-i]
        a[j][n-1-i] = t
```

आतल्या लूपची वरची सीमा `n - 1 - i` ऐवजी `n - i` लिहिली गेली, तर प्रत्येक वलयाच्या कोपऱ्यांचे चक्र दोनदा फिरते, म्हणजे कोपरे नव्वद अंशांऐवजी एकशे ऐंशी अंशांनी फिरतात आणि बाकीची घरे मात्र बिनचूक जागी पडतात. वरच्या मॅट्रिक्सवर ही चूक चालवली तर पुढील मांडणी मिळते.

```
16  9  5 13
14 11 10  2
15  7  6  3
 4 12  8  1
```

बरोबर उत्तराची पहिली ओळ 13, 9, 5, 1 अशी असायला हवी होती. चुकलेली घरे नीट पाहिली तर ती सर्वच्या सर्व दोन कर्णांवर सापडतात, कारण वलयांचे कोपरे म्हणजेच मॅट्रिक्सचे कर्ण. बिघाड कर्णांपुरता असला तर दोष आतल्या लूपच्या सीमेत आहे, असे निदान प्रोग्रॅम न वाचताही करता येते.

चक्रांचे आरंभ निवडण्याची दुसरी रीत वलयांचा विचार न करता मॅट्रिक्सचा वरचा डावा चतुर्थांश घेते आणि त्यातल्या प्रत्येक घरापासून एक चक्र सुरू करते. n सम असेल तर चतुर्थांश सरळच असतो: n/2 ओळी आणि n/2 स्तंभ. n विषम असला की मधली ओळ आणि मधला स्तंभ कोणाच्या वाट्याला द्यायचे हा प्रश्न उभा राहतो. दोन्हींचे उत्तर एकच दिले तर ते चुकते. `n // 2`, म्हणजे भागाकारातला पूर्णांक भाग, दोन्हीकडे वापरला तर 3 × 3 मॅट्रिक्समध्ये फक्त कोपरे फिरतात आणि बाजूंच्या मध्यावरची चार घरे जागची हलत नाहीत. दोन्हीकडे `(n + 1) // 2` वापरले तर मध्यावरच्या घरांचे एकच चक्र (0, 1) पासूनही सुरू होते आणि (1, 0) पासूनही, त्यामुळे 1 ते 9 या संख्यांच्या मॅट्रिक्सचे पुढीलप्रमाणे होते.

```
7 8 1
6 5 4
9 2 3
```

कोपरे अचूक आहेत, पण मधल्या घरांत 2 आणि 8 यांची तसेच 4 आणि 6 यांची अदलाबदल झाली आहे. बरोबर सीमा एकीकडे `n // 2` आणि दुसरीकडे `(n + 1) // 2` ही आहे, म्हणजे मधल्या पट्टीचा एक हात चतुर्थांशात घ्यायचा आणि दुसरा सोडायचा. n = 3 साठी यातून 1 × 2 = 2 चक्रे मिळतात आणि 2 × 4 + 1 = 9 हा हिशेब जुळतो. सम n साठी हे दोन्ही भागाकार सारखेच येत असल्याने 4 × 4 च्या चाचणीत तिन्ही प्रकार सारखेच यशस्वी ठरतात. चुकीचा प्रोग्रॅम बरोबर दिसण्याचे हे एक हमखास कारण आहे.

सीमांची ही कटकट नको असेल तर तिसरी वाट आहे, आणि शिकवण्यासाठी तीच अधिक बरी. आधी मॅट्रिक्सच्या ओळींचे स्तंभ करावेत, म्हणजे (i, j) आणि (j, i) यांची अदलाबदल करावी, ज्याला ट्रान्सपोज म्हणतात, आणि मग प्रत्येक ओळ उलटी करावी. पहिली क्रिया कर्णात धरलेल्या आरशातले प्रतिबिंब आहे आणि दुसरी उभ्या आरशातले. एकमेकांशी पंचेचाळीस अंश कोन करणाऱ्या दोन आरशांत लागोपाठ प्रतिबिंब घेतले की आकृती त्याच्या दुप्पट, म्हणजे नव्वद अंशांनी फिरते. येथे सांभाळायची सीमा एकच उरते: ट्रान्सपोज करताना j ची सुरुवात i+1 पासून करायची. ती शून्यापासून केली तर प्रत्येक जोडीची दोनदा अदलाबदल होऊन मॅट्रिक्स होती तशीच राहते. मग ओळी उलट्या झाल्यावर हाती येते ते फिरलेले चित्र नव्हे, तर मूळ चित्राचे आरशातले प्रतिबिंब.

सर्पिल वाचनात मॅट्रिक्स बदलायची नसते, फक्त तिची घरे ठरावीक क्रमाने वाचायची असतात: वरची ओळ डावीकडून उजवीकडे, उजवा स्तंभ वरून खाली, खालची ओळ उजवीकडून डावीकडे, डावा स्तंभ खालून वर, आणि मग हाच क्रम आतल्या वलयात. येथे चौरसाचे बंधन नसते, आणि पुढचा सगळा घोळ त्याच मोकळीकीतून उद्भवतो. नेहमीच्या रीतीत top, bottom, left आणि right अशा चार सीमा ठेवल्या जातात, आणि त्यांचा अर्थ एका वाक्यात बांधून ठेवणे फार उपयोगाचे ठरते: न वाचलेली घरे म्हणजे नेमकी top ते bottom या ओळी आणि left ते right हे स्तंभ यांत येणारी घरे, दोन्ही टोके धरून. प्रोग्रॅम चालत असताना हे विधान प्रत्येक बाजू वाचून झाल्यावर पुन्हा खरे व्हायला हवे, म्हणून एक बाजू संपली की तिची सीमा लगेच एकाने आत सरकवायची असते.

```python
while top <= bottom and left <= right:
    for j in range(left, right + 1):
        out.append(a[top][j])
    top += 1
    for i in range(top, bottom + 1):
        out.append(a[i][right])
    right -= 1
    if top <= bottom:
        for j in range(right, left - 1, -1):
            out.append(a[bottom][j])
        bottom -= 1
    if left <= right:
        for i in range(bottom, top - 1, -1):
            out.append(a[i][left])
        left += 1
```

कोपऱ्यांचा प्रश्न येथे आपोआप सुटतो. वरची ओळ वाचून top सरकली की उजवा स्तंभ कोपऱ्याच्या एक घर खालून सुरू होतो, म्हणून कोपरा दोनदा मोजला जाण्याची भीती राहत नाही. पण मधल्या दोन `if` अटी वाचकाला अनावश्यक वाटू शकतात, कारण बाहेरच्या `while` मध्ये तीच तपासणी झालेली दिसते. वस्तुतः `while` ची तपासणी चार बाजूंमागे एकदाच होते, आणि तेवढ्यात सीमा चार वेळा हललेल्या असतात. त्या अटी काढून टाकल्या तर काय होते, हे 1 ते 12 या संख्यांच्या 3 × 4 मॅट्रिक्सवर पाहता येते.

```
1  2  3  4
5  6  7  8
9 10 11 12
```

बाहेरचे वलय 1, 2, 3, 4, 8, 12, 11, 10, 9, 5 असे बिनतक्रार वाचले जाते, आणि नंतर top व bottom दोन्ही 1, left 1 आणि right 2 असे उरतात, म्हणजे आतला भाग 6 आणि 7 या दोन घरांची एकच ओळ आहे. ‘वरची ओळ’ म्हणून 6, 7 वाचले जातात, top 2 होतो, उजव्या स्तंभात काही उरत नाही, right 1 होतो. अट नसल्यामुळे आता ‘खालची ओळ’ वाचायला घेतली जाते, पण bottom अजून 1 च आहे, म्हणजे खालची ओळ ही नुकतीच वाचलेली वरची ओळच. परिणामी 6 पुन्हा लिहिला जातो आणि बारा घरांच्या मॅट्रिक्समधून तेरा संख्या बाहेर पडतात. वापरलेले सर्व क्रमांक मॅट्रिक्सच्या आतलेच असल्याने संगणक कोणतीही तक्रार करत नाही, आणि ही चूक केवळ उत्तर मोजणाऱ्यालाच दिसते.

वलयाला आत पोकळी असते, एकट्या ओळीला नसते. आतला भाग एका ओळीचा झाला की बंद कुंपणाचा हिशेब संपून सरळ कुंपणाचा सुरू होतो, आणि जाण्याची व येण्याची बाजू एकच होते. आतला भाग एका स्तंभाचा असतानाही हेच घडते, परंतु थोडे उशिरा. अटी नसतील तर w घरांच्या एकट्या ओळीत w-1 घरे पुन्हा वाचली जातात, तर h घरांच्या एकट्या स्तंभात h-2. पहिले घर ‘वरची ओळ’ या नावाने आधीच संपलेले असते, आणि काहीही न वाचता ‘खालची ओळ’ संपल्याने bottom एकाने वर सरकून शेवटचे घरही वगळले जाते. म्हणूनच 4 × 3 मॅट्रिक्स, जिच्या पोटात दोन घरांचा स्तंभ उरतो, सदोष प्रोग्रॅमलाही बरोबर उत्तर देऊ देते, आणि 5 × 3 मॅट्रिक्समध्ये मात्र एक संख्या जास्तीची येते. चौरस मॅट्रिक्सची गोष्ट आणखी फसवी आहे. तिच्या पोटात शेवटी एक तरी घर उरते किंवा काहीच उरत नाही, आणि w = 1 असताना w-1 शून्यच येतो. चौरसावर कितीही मोठी चाचणी घेतली, अगदी 1000 × 1000 घरांवर घेतली, तरी या दोन अटींची उणीव कधीच उघडकीला येणार नाही.

सीमांचे चार चल टाळून फक्त लांब्या मोजत जाण्याचीही एक रीत आहे, आणि ती वापरात कमी असली तरी विचाराने अधिक स्वच्छ आहे. m ओळी आणि n स्तंभ असतील तर आडव्या चालींची लांबी n, n-1, n-2 अशी उतरत जाते आणि उभ्या चालींची m-1, m-2, m-3 अशी. या दोन मालिका आळीपाळीने घ्यायच्या आणि शून्य लांबी आली की थांबायचे. 3 × 4 साठी चाली 4, 2, 3, 1, 2 अशा मिळतात, पुढची उभी चाल शून्याची असते, आणि बेरीज नेमकी 12 भरते. 5 × 3 साठी 3, 4, 2, 3, 1, 2 यांची बेरीज 15 होते. एकटी ओळ किंवा एकटा स्तंभ यांना येथे वेगळे वागवावे लागत नाही, कारण शून्य लांबीची चाल हीच थांबण्याची खूण असते. चौरसाची मालिका उलट वाचली तर 1, 1, 2, 2, 3, 3 अशी चढत जाते. स्टॅनिस्लाव उलाम या गणितज्ञाने 1963 मध्ये नैसर्गिक संख्या मध्यापासून बाहेर सर्पिलाकार लिहून त्यांतल्या मूळ संख्यांवर खुणा केल्या, त्या प्रसिद्ध आकृतीच्या बाजू याच मालिकेने वाढतात.

वरच्या प्रोग्रॅममध्ये सीमा दोन्ही टोके धरून मोजल्या आहेत, म्हणून जागोजागी `right + 1` आणि `left - 1` लिहावे लागले. एड्सखर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने 1982 मधल्या एका छोट्या टिपणात आरंभ धरणारी आणि शेवट सोडणारी मालिका वापरावी असा युक्तिवाद केला होता. तशा मालिकेत दोन सीमांची वजाबाकी हीच तिची लांबी असते, एका मालिकेचा शेवट हाच पुढच्या मालिकेचा आरंभ असतो, आणि रिकामी मालिका लिहायला कसरत करावी लागत नाही. फिरवण्याच्या प्रोग्रॅमला हे म्हणणे पूर्णपणे लागू पडते. तेथे प्रत्येक बाजू आरंभाचा कोपरा धरते आणि शेवटचा सोडते, त्यामुळे कोपऱ्याच्या मालकीचा तंटाच उरत नाही. सर्पिल वाचनात मात्र ही रीत सरसकट वापरता येत नाही. चारही बाजू शेवटचे घर सोडू लागल्या तर मधले एकटे घर कोणीच वाचत नाही आणि त्यासाठी वेगळी तरतूद करावी लागते. दोन्ही रीती चालतात. एकाच प्रोग्रॅममध्ये त्यांची सरमिसळ केलेली चालत नाही.

चाचणीसाठी मोठ्या मॅट्रिक्सची गरज नसते, अडचणीच्या आकारांची असते. फिरवण्यासाठी 1 × 1, 2 × 2, 3 × 3 आणि 4 × 4 पुरतात, आणि त्यांतला 3 × 3 वगळू नये. सर्पिल वाचनासाठी 1 × 1, 1 × 4, 3 × 1, 3 × 4 आणि 5 × 3 घ्यावेत. प्रत्येक घरात वेगळी संख्या ठेवावी, कारण सगळीकडे शून्ये भरलेली मॅट्रिक्स कशीही फिरवली तरी बरोबरच दिसते. फिरवण्याची एक तपासणी विशेष सोपी आहे: तीच क्रिया चार वेळा केली की मूळ मॅट्रिक्स परत मिळायला हवी. तेवढ्यावर मात्र विसंबू नये, कारण कोपरे दोनदा फिरवणारा वरचा सदोष प्रोग्रॅमही चार वेळा चालवल्यावर मूळ मॅट्रिक्स परत देतो. कोपऱ्यांचे आठ फेरे झाले काय आणि बाकीच्यांचे चार झाले काय, दोन्ही पूर्ण फेऱ्यांच्याच पटीत येतात. त्यामुळे एका फेऱ्यानंतरची मांडणी कागदावर काढलेल्या उत्तराशी घरागणिक ताडून पाहावीच लागते.